‘हातात पंचेचाळीस तरी’ हे इंग्रजीत कसं मागायचं?

पगारवाढीचा मेल इंग्रजीत लिहायचा असला की बरेच जण आधी मराठीत टिपण काढतात. वहीच्या मागच्या पानावर, फोनच्या नोट्समध्ये, कधी स्वतःलाच व्हॉट्सॲप पाठवून. ही सवय चांगली आहे. माणूस स्वतःच्या भाषेत स्वतःशी खरं बोलतो आणि पगाराच्या बाबतीत आधी खरं काय ते कळणं महत्त्वाचं असतं. घोटाळा पुढे होतो. टिपण ओळीमागून ओळ इंग्रजीत उतरवलं की त्यातून एक तर शाळेतला रजेचा अर्ज निघतो, नाही तर युनियनची नोटीस. मधला सूर सापडत नाही.

नमुना म्हणून एक टिपण घेऊ. ते मी रचलेलं आहे, पण अशी टिपणं ज्यांनी लिहिली आहेत त्यांना त्यातली प्रत्येक ओळ ओळखीची वाटेल. लिहिणारी मुलगी चाकणजवळ वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर आहे. तिचे मॅनेजर चेन्नईच्या ऑफिसात बसतात, अधूनमधून प्लँटवर येतात. त्यांना मराठी येत नाही, तिला तमिळ येत नाही. जानेवारीतल्या एका रात्री ती लिहिते:

‘साडेतीन वर्षं झाली. गेल्या वर्षी फक्त सहा टक्के. तो सोडून गेला तेव्हापासून त्याच्या दोन लाइनी पण माझ्याकडेच. कस्टमरच्या तक्रारी एवढ्या कमी झाल्या, ते कुणी बघतच नाही. नवीन आलेल्या पोराला माझ्यापेक्षा जास्त. भाडं वाढलं, बाबांचं ऑपरेशन आहे. हातात पंचेचाळीस तरी यायला हवेत. सरांनी विचार करावा. नाहीतर बघावं लागेल दुसरीकडे.’

टिपण म्हणून हे उत्तम आहे. आता एक गोष्ट लक्षात घ्यायची: हा मेल फक्त मॅनेजर वाचणार नाहीत. पगार वाढवणं त्यांच्या एकट्याच्या हातात क्वचितच असतं. ते तो एचआरकडे किंवा प्लँट हेडकडे पुढे ढकलतात, वर स्वतःची दोन वाक्यं लिहून. म्हणजे खरा वाचक असा कुणीतरी आहे, ज्याने या मुलीला कधी पाहिलेलं नाही. त्याला ‘तो’ कोण, ‘त्याच्या लाइनी’ कुठल्या, ‘एवढ्या’ म्हणजे किती, यातलं काहीच ठाऊक नाही. मेल एकट्याच्या पायावर उभा राहिला पाहिजे.

सगळ्यात अवघड ओळ सगळ्यात निरुपद्रवी दिसते: ‘सरांनी विचार करावा.’ मराठीत यापेक्षा अदबशीर काय असणार? ‘करावा’, ‘मिळावी’, ‘द्यावी’ या रूपांवर आपले सगळे सरकारी आणि खासगी अर्ज उभे आहेत. शाळेत मात्र ‘करावे’ म्हणजे ‘शुड’ असं पाठ झालेलं असतं. ते वापरलं की ‘यू शुड कन्सिडर माय सॅलरी’ असं वाक्य तयार होतं आणि ते इंग्रजीत जवळजवळ कानउघाडणी वाटतं. तुम्ही आजवर विचार केला नाहीत, तो करायला हवा होता, असा त्याचा स्वर. लिहिणारीला वाकून नमस्कार करायचा होता, वाचणाऱ्याला बोट दाखवल्यासारखं वाटतं.

उलट टोकही आहे. मराठीत आदर क्रियापदातच बसलेला असतो. ‘तुम्ही बघाल का’ म्हटलं की काम झालं. इंग्रजीत ‘यू’ एकच, सरांनाही तोच आणि शिपायालाही तोच. आदर कुठेतरी दाखवलाच पाहिजे, या चिंतेने माणूस तो बाहेरून चिकटवायला लागतो: ‘रिस्पेक्टेड सर’, ‘काइंडली’, ‘युअर गुड सेल्फ’, ‘सिम्पथेटिकली कन्सिडर’, शेवटी ‘डू द नीडफुल’. आपल्या अर्जातलं ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ हे तिकडे असं पोचतं. यात अपमान कुणाचा होत नाही, पण मागणाऱ्याची उंची कमी होते. पगाराची चर्चा दोन व्यावसायिक माणसांमधली राहत नाही, दयेची होते. आणि दयेवर एचआरच्या फॉर्ममध्ये रकाना नसतो.

मग इंग्रजीतला आदर राहतो कुठे? मुख्यतः तीन ठिकाणी. ‘वुड’ आणि ‘कुड’ या दोन शब्दांत, समोरच्याचा वेळ वाचवण्यात आणि निर्णय त्याचा आहे हे मान्य करण्यात. ‘सरांनी विचार करावा’चं इंग्रजी म्हणून असं करता येईल: ‘आय वुड लाइक टू रिक्वेस्ट अ रिव्हिजन ऑफ माय सॅलरी.’ आणि पुढे: ‘कुड वी मीट फॉर ट्वेंटी मिनिट्स नेक्स्ट वीक टू डिस्कस धिस?’ यात ‘काइंडली’ नाही, ‘सर’ही मायन्यापुरतं. तरी वाक्य पूर्ण अदबीचं आहे. जाता जाता व्याकरणाचे दोन खडे: ‘रिक्वेस्ट’ क्रियापद म्हणून वापरलं की त्यानंतर ‘फॉर’ लागत नाही, आणि ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ लागत नाही. ‘आय रिक्वेस्ट फॉर अ हाइक’ हे इतकं ऐकू येतं की बरोबरच वाटायला लागतं.

नरमाई कुठे आणि ठामपणा कुठे, याची वाटणी मात्र चुकवायची नाही. ‘वुड’, ‘कुड’ विनंतीच्या वाक्यात. वस्तुस्थितीच्या वाक्यात ते अजिबात नकोत. आपण नेमकं उलटं करतो. काम सांगताना लाजतो, ‘आय थिंक आय हॅव डन सम गुड वर्क’ असं पुटपुटतो, आणि मागताना एकदम ‘आय एक्स्पेक्ट ट्वेंटी परसेंट’ म्हणून मोकळे होतो. मराठीतली ‘अपेक्षा’ मवाळ आहे, ‘माझी एवढीच अपेक्षा आहे’ यात थोडी काकुळतही असते. इंग्रजीतलं ‘एक्स्पेक्ट’ वरिष्ठाने कनिष्ठाला म्हणायचं. ‘मागणी’ आणि ‘डिमांड’ यांचंही तेच. मागणी घालायला मुलीच्या घरी जातात, डिमांड घेऊन गेटवर जातात.

आता टिपणातल्या कामाच्या ओळी. ‘त्याच्या दोन लाइनी पण माझ्याकडेच.’ या वाक्याचा सगळा जीव ‘पण’ आणि ‘च’मध्ये आहे. त्यात थकवा आहे, रुसवा आहे, ‘कुणी विचारलंही नाही’ आहे. इंग्रजीत हे काम ‘ऑल्सो’ आणि ‘ओन्ली’वर टाकलं की ‘हिज लाइन्स आर ऑल्सो विथ मी ओन्ली’ असं काहीतरी होतं, ज्याला चेन्नईचे सर हसणार नाहीत, पण पुढचा वाचक गोंधळेल. इथे ‘च’चं भाषांतर करायचंच नाही. त्याच्या जागी तारीख आणि संख्या ठेवायची. ‘आय हॅव बीन हँडलिंग लाइन्स थ्री अँड फोर, इन ॲडिशन टू माय ओन टू लाइन्स, सिन्स लास्ट मार्च.’ दोनाच्या चार लाइनी झाल्या आणि पगार तोच राहिला, हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं. रुसवा दाखवावा लागत नाही.

या वाक्यातला काळही पाहून घ्या. मराठीत ‘मार्चपासून सांभाळतेय’ हे साध्या चालू वर्तमानाने भागतं. म्हणून हात ‘आय ॲम हँडलिंग सिन्स मार्च’ असं लिहून जातो. ‘हॅव बीन हँडलिंग’ने नेमकं हवं ते सांगितलं जातं: तेव्हा सुरू झालं आणि आजही चालू आहे. ‘आय हँडल्ड’ लिहिलं तर कुणी म्हणेल, संपलं ना ते, मग आता काय?

पुढची ओळ: ‘तक्रारी एवढ्या कमी झाल्या.’ आपल्या चांगल्या वळणाच्या माणसाला ‘मी केलं’ म्हणायला संकोच वाटतो. काम ‘होतं’, लग्न ‘ठरतं’, तक्रारी ‘कमी होतात’. घरात हे शोभतं. ‘कम्प्लेंट्स केम डाउन’ असं लिहिलं की एचआरमधला माणूस विचारतो, बरं, मग यात हिचं काय? पावसाळा संपला म्हणूनही कमी झाल्या असतील. इथे कर्ता आणावाच लागतो. पण सगळं श्रेय ओढलं तर लाइनवरचे लोक आणि स्वतः मॅनेजर यांचाही वाटा त्यात आहे, आणि मॅनेजर तर वाचतायत. वाटा मान्य करून स्वतःचं काम नेमकं सांगणं हाच मार्ग: ‘वर्किंग विथ द लाइन टीम, आय रिव्हाइज्ड द इन्स्पेक्शन चेकलिस्ट अँड लेड द कॉझ ॲनालिसिस ऑन ईच कम्प्लेंट. कस्टमर कम्प्लेंट्स ऑन दीज लाइन्स फेल फ्रॉम फोर्टीन टू फाइव्ह.’ आधी काय केलं, मग काय झालं.

हे चौदा आणि पाच कुठून आले? क्वालिटीत प्रत्येक तक्रारीची नोंद असते, तिला क्रमांक असतो, तिच्यावर एट-डी रिपोर्ट भरलेला असतो. म्हणजे आकडा हाताशी आहे, फक्त मोजताना सारखं सारख्याशी लावायला हवं. मेल जानेवारीत जाणार, म्हणजे या वर्षाचे एप्रिल ते डिसेंबर हे नऊच महिने हातात आहेत. त्यांची तुलना गेल्या पूर्ण वर्षाशी केली, तर सुटलेले तीन महिने एचआरमधल्या कुणाला दिसल्याशिवाय राहत नाहीत, आणि मग बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. नऊ महिन्यांची तुलना नऊ महिन्यांशीच, आणि तसं वाक्यात लिहायचं: ‘एप्रिल टू डिसेंबर, कम्पेअर्ड विथ द सेम मंथ्स लास्ट इयर.’

आता पैशाची ओळ. ‘हातात पंचेचाळीस तरी.’ इथे भाषांतर शब्दांचं नाही, हिशेबाचं आहे.

आपण घरी ‘हातात किती येतात’ असं बोलतो. ऑफिस बोलतं सीटीसीत, म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला एकूण किती खर्च येतो त्यात. समजा तिची सीटीसी वर्षाला 5,40,000 आहे, म्हणजे महिन्याला 45,000. बेसिक निम्मं, 22,500. या 45,000 मधून कंपनीचा पीएफचा वाटा जातो, बेसिकच्या 12 टक्के, म्हणजे 2,700. बऱ्याच कंपन्या ग्रॅच्युइटीची तरतूदही सीटीसीतच धरतात, बेसिकच्या 4.81 टक्के, म्हणजे साधारण 1,082. उरतात 41,218. त्यातून तिचा स्वतःचा पीएफ पुन्हा 2,700 आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर 200. हातात येतात 38,318.

आता ती मेलमध्ये लिहिते, ‘माय सॅलरी शुड बी फोर्टी फाइव्ह थाउजंड.’ चेन्नईत मॅनेजर शीट उघडतात. शीटवर तिच्या नावापुढे महिना 45,000 आधीच दिसतोय! ते गोंधळतात, किंवा तिलाच आपला पगार माहीत नाही अशी समजूत करून घेतात. टिपणातला आकडा खरा, इंग्रजी वाक्य निर्दोष, आणि तरी मागणी जागच्या जागी विरली.

म्हणून आकडा आधी त्यांच्या मापात नेऊन बसवायचा. याच रचनेत हातात 45,000 यायचे तर महिन्याची सीटीसी सुमारे 52,800 व्हायला हवी, वर्षाची सुमारे 6,34,000. वाढ साडेसतरा टक्क्यांच्या आसपास. ती 6,35,000 मागेल. काही कंपन्या पीएफ पूर्ण बेसिकवर न धरता 15,000 च्या मर्यादेवर धरतात, मग हे आकडे बदलतील. आपली पगाराची स्लिप आणि नेमणूकपत्रातला तक्ता शेजारी ठेवूनच हे करायचं. वाक्य असं: ‘आय ॲम रिक्वेस्टिंग अ रिव्हिजन ऑफ माय ॲन्युअल सीटीसी फ्रॉम 5.40 लाख टू 6.35 लाख, इफेक्टिव्ह एप्रिल.’ यात ‘वुड’ नाही, ‘इफ पॉसिबल’ नाही, ‘अराउंड’ही नाही. आधीच्या वाक्यात आदर दाखवून झालाय, इथे आकडा सरळ उभा असू द्यावा. आणि मॅनेजर भारताबाहेर असतील तर लाखाचा हिशेब त्यांना लागणार नाही. तिथे स्वल्पविरामही सरकतो: 635,000. आपलं 6,35,000 परदेशी डोळ्याला छपाईची चूक वाटते.

एप्रिल का, तर बहुतेक कंपन्यांचं वर्ष मार्चअखेर संपतं आणि वाढीचे पैसे त्याच्या आधीच वाटून ठेवलेले असतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आलेल्या सर्वांगसुंदर मेललाही ‘पुढच्या वर्षी बघू’ असंच उत्तर मिळतं. जानेवारीत लिहायला बसली, ते बरं केलं.

‘यायला हवेत’ हा भाग आपण सोडून दिला, हे लक्षात आलं असेल. त्याचं इंग्रजी म्हणून ‘आय डिझर्व्ह’ सुचतं. तो शब्द टाळावा असं माझं मत आहे. तो निवाडा आहे, आणि निवाडा वाचणाऱ्याने करायचा आहे. चार लाइनी आणि पाच तक्रारी त्याच्यासमोर आहेत.

मग मेलमध्ये न जाणाऱ्या ओळी. ‘नवीन आलेल्या पोराला जास्त.’ हे खरं असेल, आणि टिपणातली सर्वांत जास्त झोंबलेली गोष्टही हीच असेल. पण सहकाऱ्याच्या पगाराचा उल्लेख आला की चर्चा ‘तुला हे कुणी सांगितलं’ इथे वळते. त्यातला मुद्दा मात्र वाचवता येतो: बाजारात या कामाला काय मिळतं. त्याच भागातल्या, त्याच अनुभवाच्या दोन-तीन जाहिरातींत पगार छापलेला असेल, तर ‘माय करंट सीटीसी इज बिलो द रेंज ॲडव्हर्टाइज्ड फॉर सिमिलर रोल्स इन धिस एरिया’ असं म्हणता येतं. जाहिराती जपून ठेवायच्या, कारण विचारणा होणारच. त्या नसतील तर वाक्यही नको. एचआरमध्ये अशा दुरुस्तीला ‘सॅलरी करेक्शन’ म्हणतात. ती नेहमीच्या वार्षिक वाढीपेक्षा वेगळी गोष्ट मानली जाते, म्हणून मेलच्या विषयात ‘इन्क्रिमेंट’ऐवजी ‘रिक्वेस्ट फॉर सॅलरी रिव्हिजन’ लिहिलेलं बरं. इन्क्रिमेंट म्हटलं की सहा टक्क्यांच्या रांगेत पुन्हा उभं राहावं लागतं.

भाडं आणि बाबांचं ऑपरेशन. मराठी अर्जाच्या परंपरेत घरची अडचण हे सर्वांत वजनदार कारण असतं. कंपनी मात्र पगार कामाचा देते, गरजेचा नाही. नाही तर ज्याच्या घरी आजारपण नाही त्याला वाढच नको, असं ठरेल. ऑपरेशनसाठी पैसे हवे असतील तर पगाराच्या ॲडव्हान्सची किंवा कंपनीच्या वैद्यकीय विम्याची चौकशी हा वेगळा मेल, वेगळ्या दिवशी. सरांना समोरासमोर सांगायला काहीच हरकत नाही. ते माणूस म्हणून ऐकतील. पुढे जाणाऱ्या कागदावर ते नको, एवढंच.

मसुदा झाला की तपासायची एक साधी रीत आहे. ज्याला आपलं काम माहीत नाही अशा कुणाला तरी तो वाचायला द्यायचा आणि परत घ्यायचा. मग विचारायचं: मी किती मागतेय, कशासाठी, आणि सरांनी नेमकं काय करायचं आहे? तिन्ही उत्तरं पटकन आली तर मेल तयार आहे. ‘तू खूप काम करतेस असं वाटलं’ एवढंच उत्तर आलं, तर आकडा कुठेतरी बुजलाय. ‘चिडलेली दिसतेस’ आलं, तर एखादा ‘च’ नजर चुकवून आत शिरलाय. बहुधा ‘ओन्ली’, ‘इव्हन’ किंवा ‘नोबडी’च्या वेषात. दुसरी रीत सुरासाठी: इंग्रजी मसुदा तोंडी पुन्हा मराठीत आणायचा आणि तो सरांसमोर उभं राहून म्हणवेल का ते पाहायचं. जीभ अडखळली तर ती ओळ बदलायची.

मेल गेला. उत्तर बहुधा येतं, ‘विल लुक इन्टू धिस.’ मराठी मनाला हे ‘बघतो’ म्हणजे नकारच वाटतो, आणि माणूस गप्प बसतो किंवा आतल्या आत धुमसतो. खरं तर तो होकारही नसतो, नकारही नसतो, फक्त तारीख नसलेलं वाक्य असतं. तारीख आपण घालायची. दहा-बारा दिवसांनी: ‘थँक यू फॉर टेकिंग धिस अप. कुड यू लेट मी नो बाय द फिफ्टीन्थ ऑफ फेब्रुवारी व्हेअर धिस स्टँड्स?’ ‘जस्ट अ जेंटल रिमाइंडर’ हा अलीकडचा लाडका शब्दप्रयोग. त्यात ‘जस्ट’ही आहे आणि ‘जेंटल’ही, त्यामुळे रिमाइंडर शिल्लकच राहत नाही. आणि समोरासमोर बैठक झाली असेल तर त्याच संध्याकाळी, काय ठरलं ते तीन ओळींत लिहून पाठवायचं. मॅनेजर बदलले तरी तेवढा कागद राहतो.

राहिली टिपणातली शेवटची ओळ, ‘नाहीतर बघावं लागेल दुसरीकडे.’ हातात दुसऱ्या कंपनीचं पत्र नसताना ती कुठल्याही भाषेत लिहू नये. ‘आय विल हॅव टू लुक एल्सव्हेअर’ ही इंग्रजीत उघड धमकी आहे, आणि तिच्यावर ‘ऑल द बेस्ट’ असं उत्तर येऊ शकतं. पत्र खरोखर आलं, तर मात्र लपवण्यातही शहाणपण नाही. तेव्हा राहायची इच्छा आधी सांगायची आणि मुदत नंतर: ‘आय वुड प्रिफर टू कंटिन्यू हिअर. आय हॅव रिसीव्ह्ड ॲन ऑफर अँड नीड टू रिस्पॉन्ड बाय द ट्वेंटीएथ.’ रकमेचा आकडा विचारल्याशिवाय द्यायचा नाही, आणि विचारला तर खराच द्यायचा. सुट्या भागांच्या धंद्यात चाकणच्या एचआरवाल्यांचे एकमेकांना फोन असतात.